गोडा मसाला आणि चहा मसाला: लेबलांच्या चित्रांचे प्रॉम्प्ट

1. गोडा मसाला, 200 ग्रॅम पाऊच, समोरचं लेबल 80 × 110 मिमी

समोरून दिसणारं उभं, सपाट लेबल, प्रमाण 3:4. जलरंग, तपकिरी शाईची बारीक बाह्यरेषा. चारी बाजूंना अखंड चौकट: पैठणीच्या काठावरची असावली वेल, जांभळ्या पट्टीवर सोनेरी-पिवळी, कोपऱ्यांत एकेक कमळ. चौकट रुंदीच्या बाराव्या हिश्शाइतकी जाड; तिच्या बाहेर कागदाच्या कडेपर्यंत तितकाच सपाट जांभळा पट्टा. आतली पार्श्वभूमी फिकट साईच्या रंगाची. वरचा अर्धा भाग पूर्ण कोरा: पोत, सावली, पान, ठिपका काही नको. खालच्या तिसऱ्या हिश्शात मसाल्याचा लहान ढीग, रंग काळपट तपकिरी. भोवती धणे, पांढरे तीळ, सुक्या खोबऱ्याच्या पातळ कापा, तमालपत्र, दालचिनीचे तुकडे. दगडफुलाच्या जागी वाळलेल्या शेवाळासारखे चुरगळलेले पापुद्रे, एक बाजू काळी, दुसरी राखाडी. नागकेसराच्या जागी देठासह लहान, गोल, तपकिरी कळ्या. तळाशी अरुंद कोरी पट्टी. चित्रात एकही अक्षर, आकडा किंवा चिन्ह नको.

दगडफूल आणि नागकेसर नावानिशी लिहू नका. पहिल्याचं पाकळ्यांचं फूल होतं, दुसऱ्याच्या केशराच्या लाल काड्या. तळाची पट्टी वजन आणि शाकाहाराच्या हिरव्या चिन्हासाठी आहे. ते चिन्ह, परवाना क्रमांक आणि नाव नंतर डिझाइनच्या फाइलीत टाकायचं. चित्रातच नाव मागितलं तर काना-मात्रा मोडतात.

2. चहा मसाला, 50 ग्रॅम डबी, झाकणाचं गोल स्टिकर, व्यास 70 मिमी

चौरस चित्रात मधोमध एक वर्तुळ. सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यासारखी चकचकीत लाखी रंगाची, गर्द लाल पार्श्वभूमी. कडेला दोन पिवळ्या रेघा; त्यांच्यामधल्या कड्यात गवती चहाची लांब, टोकदार पाती, एकाच दिशेला वळलेली. कड्याच्या आत खालच्या कमानीत सुंठेचे गाठाळ तुकडे, हिरव्या वेलच्या, काळी मिरी. मधे व्यासाच्या निम्म्या रुंदीची, कडा गोलसर असलेली आडवी फिकट पिवळी पाटी, पूर्ण रिकामी. पत्त्यांवरच्या आकृत्या, माणसं, देवता, अक्षरं नकोत.

शेवटचं वाक्य काढू नका, नाहीतर दशावतार हमखास येतात, आणि फाडून फेकायच्या डबीवर ते बरं दिसत नाही.

3. दुरुस्तीसाठी

चौकट, रंग आणि मांडणी तशीच ठेव. वरच्या कोऱ्या भागात शिरलेली तमालपत्राची पानं आणि उडालेले तीळ काढ. तिथे एकसारखा साईचा रंग भर. चौकटीची उजवी बाजू डावीच्या जाडीची कर.

एका वेळी एवढंच मागा. रंगही त्याच वाक्यात बदलायला सांगितला की चौकटच नवी निघते.

छपाईला देताना चारी बाजूंना 3 मिमी जास्त धरा: पाऊचचं चित्र 86 × 116 मिमी, 300 डीपीआयला 1016 × 1370 पिक्सेल; झाकणाचं 76 मिमी चौरस, 898 पिक्सेल. दुसऱ्यातला लाल सीएमवायकेमध्ये मंदावतो, म्हणून पूर्ण गठ्ठ्याआधी एक नमुना काढून घ्या.