समस्या-प्रश्न: मालकाची प्रामाणिक गरज आणि पोटभाडे (महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९)

वस्तुस्थिती

पुण्यात शुक्रवार पेठेतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर ३१० चौरस फुटांचे दुकान आहे. पुढचा भाग २२० चौ. फूट. मागची ९० चौ. फुटांची गोदामखोली बोळाकडे स्वतंत्र दाराने उघडते. सुमतीताईंच्या सासऱ्यांनी १९८४ मध्ये हे दुकान भास्कररावांना वह्या-पुस्तकांच्या व्यवसायासाठी भाड्याने दिले. आता भाडे दरमहा ६४० रुपये असून ते थकलेले नाही. सासरे २०१९ मध्ये वारले. इमारत सुमतीताई आणि त्यांचे दीर माधव यांच्या सामाईक मालकीची झाली.

सुमतीताईंची सून अनघा फिजिओथेरपिस्ट आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये लग्न होऊन ती या घरात आली. कोथरूडला दरमहा १८,००० रुपये भाड्याच्या जागेत ती दवाखाना चालवते. कुटुंब दुसऱ्या मजल्यावर राहते आणि तिथल्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. लिफ्ट नाही. तळमजल्यावर जिन्याखाली १८० चौ. फुटांचा आणखी एक गाळा आहे. तो सुमतीताईंनी फेब्रुवारी २०२३ मध्ये मोबाइल दुरुस्तीवाल्याला ११ महिन्यांसाठी अनुज्ञप्तीवर दिला. दाव्यात या गाळ्याचा उल्लेख नाही.

भास्कररावांचे वय ७१. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी राकेशबरोबर नोंदणी नसलेला 'भागीदारी करारनामा' केला. नफा-तोटा काहीही झाला तरी भास्कररावांना दरमहा १२,००० रुपये मिळतील, असे त्यात लिहिले होते. त्यानंतर दुकानात मोबाइलचे सुटे सामान विकले जाऊ लागले. जीएसटी नोंदणी राकेशच्या एकट्याच्या नावाने आहे, किल्ल्या त्याच्याकडे आहेत, वीजबिल मात्र भास्कररावांच्या नावाने येते. भास्कररावांच्या मुलाने २०२२ मध्ये धनकवडीत २२० चौ. फुटांचा गाळा घेतला असून तो बंद आहे. मुलगा वडिलांबरोबरच राहतो.

जून २०२३ मध्ये सुमतीताईंनी एकटीने पुण्याच्या लघुवाद न्यायालयात ताब्याचा दावा लावला. डिसेंबर २०२३ मध्ये राकेश दुकान सोडून गेला. भास्कररावांची कैफियत अशी: मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ ची नोटीस दिलेली नाही, माधव पक्षकार नाहीत, पोटभाडेकरू ठेवलेला नाही आणि राकेश आता दुकानातही नाही, गरज बनावट आहे, आणि जागा गेली तर उपजीविका जाईल. साक्षीला ते स्वतः आले नाहीत. मुखत्यारपत्राच्या आधारे मुलाने साक्ष दिली.

प्रश्न: सुमतीताईंना ताबा मिळेल का? कोणत्या कारणावर, आणि किती जागेचा?

उत्तर

आधी प्राथमिक हरकती, कारण त्या लवकर निकालात निघतात. भाडे कायद्याखालील ताब्यासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ ची नोटीस लागत नाही. धनपाल चेट्टियार वि. यशोदाई अम्मल (१९७९) ४ एससीसी २१४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न मिटवला आहे. कलम १५(२) मधली ९० दिवसांची नोटीस थकबाकीच्या दाव्याची आहे. इथे थकबाकीच नाही, तेव्हा ती इथे ओढून आणू नये. परीक्षेत आणि कैफियतीतही हा घोळ हमखास होतो. माधव यांची हरकत कुठेही दिसत नाही, आणि एकटा सहमालक ताब्याचा दावा लावू शकतो: श्रीराम पसरिचा वि. जगन्नाथ (१९७६) ४ एससीसी १८४. न्यायालयाची निवड कलम ३३ प्रमाणे बरोबर आहे.

आता मूळ प्रश्न. दाव्यात दोन कारणे आहेत, कलम १६(१)(ई) पोटभाड्याचे आणि १६(१)(जी) गरजेचे. ही दोन वेगळी चाके आहेत. गरजेच्या कारणाला कलम १६(२) मधला तुलनात्मक अडचणीचा अडसर आहे, पोटभाड्याच्या कारणाला तो नाही. म्हणून वादमुद्दे स्वतंत्र काढावेत आणि प्रत्येकावर स्वतंत्र निष्कर्ष मागावा. एका कारणाचा निष्कर्ष अपिलात उलटला तरी दुसऱ्यावर हुकूमनामा उभा राहतो.

*पोटभाडे.* पुण्याला पूर्वी १९४७ चा मुंबई भाडे कायदा लागू होता, त्यामुळे १ फेब्रुवारी १९७३ नंतरचे कृत्य कलम १६(१)(ई) मध्ये येते. (विदर्भ-मराठवाड्यात हाच प्रश्न आला असता तर नवा कायदा लागू झाल्यानंतरचे, म्हणजे ३१ मार्च २००० पासूनचे, कृत्य पाहावे लागले असते.) मालकाने दोन गोष्टी सिद्ध करायच्या: भाडेकरूने जागेचा अनन्य ताबा तिऱ्हाइताला दिला, आणि तो संमतीशिवाय, मोबदला घेऊन दिला. मोबदल्याचा थेट पुरावा मालकाच्या हाती जवळजवळ कधीच लागत नाही. व्यवहार भाडेकरू आणि पोटभाडेकरू या दोघांतच झालेला असतो. म्हणून भारत सेल्स वि. एलआयसी (१९९८) ३ एससीसी १ मध्ये परिस्थितीवरून अनुमान काढण्याची मुभा दिली आहे.

भागीदारीचा बचाव गोव्याच्या प्रकरणात तपासला गेला: सेलिना कोएल्हो परेरा वि. उल्हास महाबळेश्वर खोलकर (२०१०) १ एससीसी २१७. भाडेकरूने भागीदार घेणे हे आपोआप पोटभाडे होत नाही. भाडेकरू धंद्यात प्रत्यक्ष गुंतलेला असेल आणि जागेवर त्याचे नियंत्रण असेल तर ताबा गेला असे म्हणता येत नाही. पण भागीदारी नुसता पडदा असेल तर न्यायालय तो बाजूला सारते. अनन्य ताबा प्रथमदर्शनी दिसला की खुलाशाचा भार भाडेकरूवर येतो.

इथे तोट्यातही भास्कररावांना १२,००० मिळणार. ज्याला तोट्याची झळच लागत नाही तो भागीदार कसला? ६४० रुपये भाड्याच्या जागेचे ते भाडेच आहे. व्यवसाय बदलला, जीएसटी राकेशच्या एकट्याच्या नावे, किल्ल्या त्याच्याकडे. भागीदारीची स्वतंत्र जीएसटी नोंदणी, बँक खाते किंवा ताळेबंद यांपैकी काहीही पुढे आलेले नाही. वीजबिल जुन्या नावाने येत राहणे याला फारसे वजन नाही, कारण पोटभाडे देणारा मीटर बदलून स्वतःविरुद्ध पुरावा तयार करत नाही. करारनामा नोंदलेला नाही, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. नोंदणी नसणे हा युक्तिवाद उगाच ताणला तर बाकीचा मजबूत पुरावा मागे पडतो.

त्यात भास्करराव साक्षीला आले नाहीत. कराराचे बोलणे कोणात झाले, दुकानात कोण बसायचे, हे त्यांच्या व्यक्तिगत माहितीतले आहे. मुखत्यार त्यावर त्यांच्याऐवजी साक्ष देऊ शकत नाही: जानकी वाशदेव भोजवानी वि. इंडसइंड बँक (२००५) २ एससीसी २१७. विद्याधर वि. माणिकराव (१९९९) ३ एससीसी ५७३ प्रमाणे प्रतिकूल अनुमानही निघते. आजारपण हे कारण असते तर घरी आयुक्त पाठवून साक्ष नोंदवण्याची मागणी करता आली असती.

राकेश निघून गेला म्हणून दोष धुऊन निघत नाही. गजानन दत्तात्रय वि. शेरबानू होशंग पटेल (१९७५) २ एससीसी ६६८ मध्ये जुन्या कायद्यातल्या याच शब्दरचनेवर ठरले की पोटभाडे दाव्याच्या दिवशी चालू असणे गरजेचे नाही. इथे तर दाव्याच्या दिवशी राकेश दुकानातच होता. कलमात 'संपूर्ण किंवा काही भाग' असे शब्द असल्याने मागची खोली भास्कररावांकडेच राहिली असती तरी फरक पडला नसता. हे कारण सिद्ध होते.

*गरज.* इथे मालकाची बाजू तितकी सोपी नाही. सुनेची गरज ही मालकाचीच गरज धरता येते. जोगिंदर पाल वि. नवल किशोर बहल (२००२) ५ एससीसी ३९७ हा पंजाबच्या कायद्यावरचा निकाल असला तरी त्याचा आधार घेता येतो. आपल्याला कोणती जागा सोयीची हे मालकानेच ठरवायचे असते. मात्र ती नुसती इच्छा नसून खरी निकड असली पाहिजे: शिवसरूप गुप्ता वि. डॉ. महेशचंद गुप्ता (१९९९) ६ एससीसी २२२. वरच्या खोल्यांचा मुद्दा टिकत नाही, कारण गुडघ्याचे आणि कंबरेचे रुग्ण दोन जिने चढणार नाहीत.

दुखणे आहे ते जिन्याखालच्या गाळ्याचे. अनघा घरात आल्यावर तीन महिन्यांत तो अनुज्ञप्तीवर दिला आणि दाव्यात त्याचा पत्ताच नाही. एवढ्याने दावा फेटाळला जात नाही, पण सरतपासणीत याचे उत्तर द्यावेच लागेल: उतरते छत, पाण्याची सोय नाही, उपचाराचा एक पलंग ठेवला की चाकाची खुर्ची फिरत नाही. मोजमापांसह नकाशा किंवा न्यायालयीन आयुक्ताचा अहवाल असेल तर ठीक. नुसते तोंडी उत्तर असेल तर उलटतपासात ते गडगडते. हाच मजकूर दाव्यात आधीच लिहिला असता तर तो मालकाची ताकद ठरला असता. खुलासा पुराव्याने आला असे धरले तर गरज वाजवी व प्रामाणिक ठरते.

*तुलनात्मक अडचण आणि काही भागाचा हुकूमनामा.* अनघा महिना १८,००० मोजते. भास्करराव स्वतः धंदा करतच नव्हते, त्यामुळे जाणार आहे ते त्यांचे १२,००० रुपयांचे उत्पन्न. बेकायदा पोटभाड्याचे उत्पन्न बुडणे ही कलम १६(२) मधली अडचण नव्हे. मुलाचा गाळा कायद्याने वडिलांचा नाही, पण एकत्र राहणाऱ्या मुलाचा बंद गाळा 'उपलब्ध जागा' या प्रश्नात विचारात येतो. दुसरी जागा शोधल्याचा भास्कररावांकडे काहीही पुरावा नाही. पारडे मालकाकडे झुकते.

तरीही न्यायालयाने काही भागापुरत्या हुकूमनाम्याचा विचार नोंदवलाच पाहिजे. बद्रीनारायण भुतडा वि. गोविंदराम मुंदडा (२००३) २ एससीसी ३२० पाहावा. हा परिच्छेद निकालपत्रात नसेल तर अपिलात पहिले बोट त्यावरच ठेवले जाते. ९० चौ. फुटांत दवाखाना होत नाही. २२० चौ. फूट मालकाला देऊन मागची खोली भास्कररावांना ठेवली तर बोळातून दुकान चालणार नाही. विभागणीने दोघांचीही अडचण होते, म्हणून कलम १६(२) चा तो भाग लागू होत नाही. शिवाय पोटभाड्याचे कारण सिद्ध झाल्यावर ताबा पूर्ण जागेचाच मिळतो.

निकाल

दावा दोन्ही कारणांवर मंजूर. संपूर्ण ३१० चौ. फुटांचा ताबा द्यावा. अंतस्थ लाभाची चौकशी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम १२ प्रमाणे व्हावी. राकेश आवश्यक पक्षकार नव्हता, पण त्याला प्रतिवादी केले असते तर अंमलबजावणीच्या वेळी आदेश २१, नियम ९७ चा अडथळा उभा राहण्याची शक्यता कमी झाली असती.

अपील ३० दिवसांत, जिल्हा न्यायालयात, कलम ३४ खाली. त्यानंतर दुसरे अपील नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षणाचा मार्ग उरतो. अपिलात स्थगिती मागितली गेल्यास सुमतीताईंनी आत्माराम प्रॉपर्टीज वि. फेडरल मोटर्स (२००५) १ एससीसी ७०५ दाखवून बाजारभावाच्या आसपास मासिक भरपाईची अट मागावी. ६४० रुपयांवर स्थगिती मिळाली तर भाडेकरूला अपील लवकर संपवण्याची घाई राहत नाही.

ताबा गरजेच्या कारणावरही मिळत असल्याने कलम १७ लक्षात ठेवावे. एक महिन्याच्या आत जागा वापरात आली नाही, किंवा एका वर्षाच्या आत ती दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू जागा परत मागू शकतो. अनघाने कोथरूडच्या जागेची सोडण्याची नोटीस, उपकरणांची बिले आणि नव्या पत्त्याचे दुकान नोंदणीचे कागद त्या महिन्यातच तयार ठेवावेत.