5 लिटरचे प्रेशर कुकर परत घेत आहोत: वापर लगेच थांबवा

ग्राहकहो, तुमच्या कुकरच्या तळाशी B25-03 हा बॅच क्रमांक असेल, तर तो कृपया आजपासून गॅसवर चढवू नका. या बॅचच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वेळेवर वितळत नाही. डाळीचा फेस किंवा भाताचं शीत शिट्टीच्या नळीत अडकलं, तर वाफेला वाटच उरत नाही. झाकण उडून गंभीर भाजू शकतं. शिट्टी नीट होत असली, तरी धोका तसाच आहे.

कुकर झाकणासकट दुकानात द्या, नवा मोफत मिळेल. बिल हरवलं असलं तरी चालेल. जाणं जमत नसेल, तर वॉरंटी कार्डावरच्या क्रमांकावर फोन करा. आमचा माणूस घरी येऊन बदलून देईल. कुणाला आहेरात दिला असेल, तर त्यांना आजच कळवा.