सारांशलेखन: उतारा व नमुना उत्तर

दहावी पूर्वपरीक्षा, प्रथम भाषा मराठी, बेळगाव

प्रश्न: पुढील उताऱ्याचा एक-तृतीयांश शब्दांत स्वतःच्या भाषेत सारांश लिहा व त्यास योग्य शीर्षक द्या. (गुण 4)

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसले आहे. सह्याद्रीचा माथा जवळच असल्यामुळे येथे पाऊस भरपूर पडतो आणि भोवतालच्या जांभ्या दगडातून ते पाणी भराभर जमिनीत मुरते. म्हणूनच नळ येण्यापूर्वी या गावाची तहान विहिरींनी भागवली. शहापूरच्या आमच्या वाड्यात माजघरामागे एक आड होता. त्याच्या काठाच्या दगडावर दोराने घासून पडलेल्या खाचा मी लहानपणी बोटाने मोजत असे. त्या अकरा होत्या. पहाटे रहाटाची करकर ऐकू आली की आजी उठली हे कळायचे. उन्हाळ्यात पोहरा तळाला लागून खणखणू लागला की घरातील बायका आंघोळीच्या पाण्याला आवर घालत. मात्र तुळशीला पाणी घालताना किंवा शेजारच्या विणकराच्या घरी दोन घागरी पाठवताना त्यांनी कधी हात आखडला नाही.

1924च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन होते. देशभरातून येणाऱ्या हजारो लोकांना पाणी कोठून पुरवायचे, हा संयोजकांपुढचा मोठा प्रश्न होता. तेव्हा गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने टिळकवाडीजवळ विजयनगर नावाचे तात्पुरते नगर उभारण्यात आले आणि तेथे एक मोठी विहीर खोदली गेली. मंडप उतरले, प्रतिनिधी परतले, भोवती घरे झाली. विहीर मात्र राहिली आणि लोक तिला आजही काँग्रेस विहीर म्हणतात. आमच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ अधिवेशनाची आठवण सांगताना भाषणांपेक्षा त्या पाण्याच्या गोडीबद्दलच अधिक बोलत. भाषणे त्यांना बहुधा ऐकूच आली नसावीत.

पुढे मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचे आणि नंतर हिडकल धरणाचे पाणी नळाने घरोघर आले. आजीच्या तळहातावरचे घट्टे गेले, ही सोय लहान नव्हती. जुन्या दिवसांचे गोडवे गाताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण नळ आले आणि विहिरींकडे कोणी बघेनासे झाले. कोणी त्यांत निर्माल्य टाकले, कोणी बांधकामाचा राडारोडा लोटला, तर कोणी वर फरशी टाकून दुकान थाटले. आमचा आड वाटणीत दोन भावांच्या मधल्या भिंतीखाली गेला. मग टंचाईची वर्षे आली, नळ दिवसेंदिवस कोरडे राहू लागले, तेव्हा महापालिकेला जुन्या विहिरींची आठवण झाली. गाळ उपसल्यावर त्यांतील कित्येकींना पुन्हा पाणी लागले. झरे आटलेच नव्हते, त्यांच्यावर गाळ बसला होता इतकेच.

शहरातील प्रत्येक विहिरीची नोंद ठेवावी, दर उन्हाळ्यात तिचा गाळ काढावा आणि ते पाणी तपासल्याशिवाय पिण्यास न घेता धुणे, बागा व बांधकाम यांसाठी वापरावे, असे मला वाटते. असे केल्यास धरणाचे पाणी पिण्यासाठी वाचेल आणि उन्हाळ्यात नळाकडे डोळे लावून बसण्याची पाळी सहसा कोणावर येणार नाही.

(शब्दसंख्या 309)

नमुना उत्तर

शीर्षक: बेळगावच्या विहिरी

सह्याद्रीजवळचा भरपूर पाऊस आणि पाणी मुरवणारा जांभा दगड यांमुळे नळ येण्यापूर्वी बेळगावची तहान विहिरी भागवत. लेखकाच्या शहापुरातील वाड्यातही आड होता. पाणी घटले तरी ते शेजाऱ्यांना दिले जाई. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली 1924 साली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनातील हजारो लोकांसाठी खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. पुढे राकसकोप व हिडकल येथील पाणी नळाने घरोघर आल्यामुळे कष्ट वाचले, पण विहिरी दुर्लक्षित होऊन केरकचऱ्याने भरल्या किंवा बांधकामाखाली गेल्या. ऐन टंचाईत नळ कोरडे पडल्यावर त्यांचा गाळ उपसला असता अनेकींचे झरे जिवंत असल्याचे दिसून आले. म्हणून प्रत्येक विहिरीची नोंद ठेवून दरवर्षी गाळ काढावा, तिचे पाणी तपासल्याशिवाय न पिता इतर कामांना वापरावे आणि धरणाचे पाणी पिण्यासाठी राखावे, असे लेखकाला वाटते.

(शब्दसंख्या 103)

परीक्षकांसाठी: आशयास 2, भाषा व शब्दमर्यादेस 1, शीर्षकास 1 गुण द्यावा. दगडावरील अकरा खाचा आणि वृद्ध गृहस्थांची आठवण हे उताऱ्याचे अलंकार आहेत. ते उत्तरात आल्यास अर्धा गुण कमी करावा. ‘आमच्या वाड्यात’, ‘मला वाटते’ अशी प्रथमपुरुषी वाक्ये जशीच्या तशी उतरवली असल्यास तोच नियम लावावा. नळामुळे झालेली सोय वगळून केवळ विहिरींची महती लिहिणाऱ्यास आशयाचे पूर्ण गुण देऊ नयेत, कारण लेखकाने ती सोय आवर्जून मान्य केली आहे.