झिजलेले टाक, न उघडलेले ताईत: बडोद्यातील मराठी घरांच्या नित्य भक्तीचा वस्तूंतून मागोवा

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात देवनी मोरीचा अवशेष-करंडक आहे. शामळाजीजवळच्या या स्तूपाचे उत्खनन विभागाने १९६० ते १९६३ या काळात केले. पुढे ती जागा मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेली. दगडी करंडकावरच्या लेखात राजा रुद्रसेनाचे नाव आहे, १२७ हे वर्ष आहे आणि अग्निवर्मा व सुदर्शन या भिक्षूंची नावे आहेत. हे वर्ष कोणत्या संवताचे, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्यातली अक्षरे मात्र आजही वाचता येतात, कारण करंडक स्तूपात ठेवल्यावर शतकानुशतके त्याला कोणाचाही हात लागला नाही.

दांडिया बाजारातल्या एका घरच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक आहे. त्यावर घोडा आहे हे पाठीच्या उंचवट्यावरून कळते. स्वार, म्हाळसा आणि कुत्रा हे घरच्यांनी सांगितले म्हणून मानायचे. चेहरे पूर्ण पुसले गेले आहेत. हा टाक करंडकाहून कितीतरी अलीकडचा असूनही त्यावरचे काहीच वाचता येत नाही. या निबंधाचा मुद्दा या विरोधातच आहे. नित्य भक्ती वस्तूवरची खूण जपत नाही, ती घासून टाकते. ज्या वस्तूची पूजा सर्वांत जास्त झाली, तिचा तपशील सर्वांत कमी उरतो. म्हणून घरगुती भक्तीचा अभ्यास करताना गुळगुळीत झालेला पृष्ठभाग हाच लेख समजून वाचायला हवा.

तो वाचायचा कसा? वरच्या टाकाचा दर्शनी भाग सपाट झाला आहे, पण कडेच्या खाचेत भंडाऱ्याचा पिवळा थर घट्ट बसला आहे आणि मागच्या पत्र्यावर जुन्या डाकाची रेघ दिसते. म्हणजे पत्रा एकदा सुटला होता आणि नवा टाक घडवण्याऐवजी घरच्यांनी तोच दुरुस्त करून घेतला. घासण्याची खूण खालून वर जाते, गोलाकार नाही. घरातल्या आजींना आम्ही टाक घासून दाखवायला सांगितले. त्यांनी तो डाव्या तळहातावर धरला, उजव्या अंगठ्याने दंतमंजन लावले आणि अंगठा खालून वर नेला. "सासूबाई असंच घासायच्या," एवढेच त्या म्हणाल्या. पूजा घरातले पुरुष करतात, असे याच घरात आम्हाला सांगितले गेले होते. ते खरेच आहे. पण टाकावर उमटलेली झीज पूजा करणाऱ्याची नाही, देव उजळणाऱ्याची आहे, आणि हे काम या घरात सासूकडून सुनेकडे आले आहे.

हाच धागा अन्नपूर्णेपाशी अधिक स्पष्ट होतो. आपल्याकडे लेक सासरी जाताना अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण घेऊन जाते. त्यामुळे जुन्या देव्हाऱ्यात तांदळावर बसलेल्या दोन-तीन अन्नपूर्णा दिसतात. सर्वांत जुनीची पळी झिजून काडीएवढी झालेली असते, नवीच्या मुकुटावरच्या रेघा अजून बोटाला लागतात. त्याच घरच्या वंशावळीच्या कागदावर फक्त पुरुषांची नावे असतात. घरात किती सुना आल्या आणि कोणत्या क्रमाने आल्या, हे मात्र देव्हारा सांगतो. कुळाचारावर लिहिणाऱ्यांनी वंशावळी पुष्कळ वापरल्या आहेत. या पितळी मूर्तींकडे पुरावा म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही, ही उणीव भरून काढायला हवी असे मला कळकळीने वाटते.

अवशेषांबाबत बौद्ध परंपरेने केलेली विभागणी इथे कामी येते: शारीरिक म्हणजे देहाचे अवशेष, पारिभोगिक म्हणजे वापरातल्या वस्तू, उद्देशिक म्हणजे स्मरणासाठीच्या प्रतिमा. देवनी मोरीचा करंडक पहिल्या प्रकारातला. मराठी घरांत अस्थी देव्हाऱ्यात ठेवत नाहीत. तिथे दुसरा प्रकार भेटतो, तो म्हणजे पादुका आणि संतांच्या अंगावरचे वस्त्र. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींची समाधी नर्मदाकाठी गरुडेश्वरला आहे. १९१४ साली त्यांनी तिथे देह ठेवला आणि बडोद्याच्या दत्तभक्त घरांची तिकडची ये-जा आजही चालू आहे. अशाच एका घरात स्वामींच्या छाटीचा म्हणून सांगितला जाणारा भगवा तुकडा आहे, नखाएवढा.

तो तुकडा खरोखर स्वामींचा आहे का, हे आमच्या पद्धतीने ठरत नाही आणि ठरवायचा आग्रहही नाही. पुडीने मात्र बरेच सांगितले. बाहेर प्लास्टिकची पिशवी, आत गुजराती वर्तमानपत्राचा कागद, त्याच्या आत वहीचे पान, त्यावर शाईने लिहिलेले "श्रीगुरुदेव दत्त", आणि सर्वांत आत रेशमी चिंधी. प्रत्येक पिढीने जुने वेष्टन टाकून न देता त्यावर आपले चढवले. आतून बाहेर येताना लिपी बदलते, भाषा बदलते, बाजारात मिळणारे साहित्य बदलते. या घराचे गुजरातीपण मराठी देवघरात कसे शिरले, हे वेष्टनांच्या क्रमात दिसते. वस्तूचा खरेपणा आणि जपणुकीचा खरेपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर आपल्या हाती येते.

ताईताशी आल्यावर मुलाखत आणि वस्तू यांची फारकत होते. वाडी भागातल्या एका घरी "ताईत-गंडे आमच्यात नाहीत" असे ठाम उत्तर मिळाले. मग दृष्टमण्यांबद्दल विचारताना काकूंनी बाळंतविड्याची पेटी उघडली. त्यात करगोटा, वाळे, मनगट्या आणि त्यांच्याखाली तांब्याचा एक नळीचा ताईत होता, दोन्ही तोंडे लाखेने बंद केलेला. तो दर्ग्यातून आणलेला. सासऱ्यांना लहानपणी ताप हटेना म्हणून त्यांच्या आईने आणला आणि पुढे घरातल्या प्रत्येक बाळाच्या दंडाला बांधला गेला. कडी एका बाजूने झिजून तारेसारखी झाली आहे. काळा दोरा मात्र नवाकोरा आहे, म्हणजे बांधणे थांबलेले नाही. काकू खोटे बोलल्या असे मी मुळीच म्हणणार नाही. "आमच्यात" या शब्दात त्यांनी कुळाचार सांगितला, ताईत मात्र बाळाच्या काळजीच्या खात्यात होता. प्रश्नावलीत ही दोन खाती एकच धरली जातात आणि धर्माधर्मांतल्या सीमा घरात आहेत त्याहून पक्क्या दिसू लागतात.

आत काय आहे, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "उघडायचं नसतं ते. गुण जातो." आम्ही तो उघडला नाही, क्ष-किरणाखालीही नेला नाही. न उघडणे हाच त्या वस्तूचा वापर आहे. तो मोडून मिळालेली माहिती त्या वापराबद्दल काही सांगणार नाही. माप, वजन, कडीची झीज आणि दोऱ्याच्या गाठी एवढी नोंद पुरेशी आहे.

एक अडचण कायम राहते. पाहुणे येणार म्हटले की घरातली माणसे देव उजळून ठेवतात. भंडारा, गंध, काजळी, सगळे निघून जाते. त्यांना नको म्हणणे हे त्यांच्या भक्तीत ढवळाढवळ करण्यासारखे आहे. म्हणून आम्ही दोन नोंदींची पद्धत ठेवली: एक उजळण्यापूर्वी, शक्यतो नवरात्राच्या आधी, आणि एक नंतर. दोन्हींतला फरक लिहायचा, घासायला काय वापरले तेही लिहायचे, आणि घासणारीचे नाव तिच्या संमतीने वहीत घालायचे. भंगलेला टाक सोनाराकडे जाणार असेल किंवा मूर्ती नर्मदेत सोडायची असेल, तर ती संग्रहालयासाठी मागून घ्यायची नाही. जाण्यापूर्वी वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यायची. जुनी चांदी नव्या टाकात ओतली जाते, तेव्हा नव्याच्या नोंदीत जुन्याचा क्रमांक लिहायचा.