पावडरची व्हायल विरघळवणे आणि डोस काढणे
जीएनएम दुसरे वर्ष, बालरोग वॉर्डच्या पोस्टिंगआधीचा प्रात्यक्षिक पाठ

मोठ्यांच्या वॉर्डात बहुतेक वेळा एक व्हायल म्हणजे एक डोस, म्हणून हिशेबाची सवय लागत नाही. मुलांच्या वॉर्डात त्याच व्हायलमधून कधी अर्धे, कधी पावच औषध काढायचे असते. तिथे एकच प्रश्न महत्त्वाचा ठरतो: आता माझ्या हातातल्या व्हायलमधल्या १ एमएलमध्ये किती औषध आहे? याचे उत्तर मिळाल्याशिवाय सिरिंज भरू नका.

पावडर स्वतः जागा व्यापते

सेफ्ट्रायक्झोनच्या १ ग्रॅमच्या व्हायलची माहितीपत्रिका उघडा. शिरेतून द्यायचे असेल तर ९.६ एमएल स्टराइल वॉटर घाला, म्हणजे १ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम मिळेल, असे तिथे सांगितलेले असते. ९.६ हा आकडा विचित्र वाटतो, पण कारण साधे आहे. १ ग्रॅम पावडर विरघळल्यावर साधारण ०.४ एमएल जागा घेते. ९.६ अधिक ०.४ म्हणजे १० एमएल, आणि १००० मिलिग्रॅम भागिले १० एमएल म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति एमएल.

म्हणून भागाकार नेहमी विरघळल्यानंतरच्या एकूण द्रावणाने करायचा, घातलेल्या पाण्याने नाही. सेफ्ट्रायक्झोनसोबत येणारे १० एमएलचे अँप्यूल पूर्ण घातले तर फरक चार टक्क्यांच्या आसपासच पडतो. पण पाणी जितके कमी, तितकी चूक मोठी. बेंझिलपेनिसिलिनच्या १० लाख युनिटच्या व्हायलमध्ये १.६ एमएल घातले की २ एमएल द्रावण होते, म्हणजे १ एमएलमध्ये ५ लाख युनिट. कोणी सरळ २ एमएल पाणी घातले तर द्रावण २.४ एमएल होईल. त्यातले १ एमएल ५ लाख समजून दिले, तर बाळाला जेमतेम ४.१७ लाख मिळतील. सहावा हिस्सा गेला, आणि चार्टवर मात्र डोस पूर्ण दिल्याची सही.

हा आकडा औषधागणिक आणि कंपनीगणिक बदलतो. तो पाठ करू नका, हातातल्या व्हायलची पत्रिका वाचा.

विरघळवताना

ऑर्डर, नाव, ताकद, एक्स्पायरी आणि ॲलर्जीची नोंद आधी पाहा. हात धुवा, रबरी बूच स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. पाणी व्हायलच्या कडेने हळू सोडा. आत दाब वाढू लागला की तेवढी हवा सिरिंजमध्ये परत येऊ द्या, नाहीतर सुई काढताना औषध फवाऱ्यासारखे हातावर उडते. मग व्हायल तळहातांत फिरवा. जोरात हलवली तर फेस होतो आणि फेस असताना मोजमाप चुकते. एकही कण दिसेनासा होईपर्यंत थांबा. गढूळपणा किंवा गुठळी राहिली तर ती व्हायल वापरायची नाही.

औषध काढताना व्हायल उलटी धरा, सुईचे टोक द्रावणात बुडलेले ठेवा आणि सिरिंजची रेघ डोळ्यांच्या पातळीवर आणून वाचा. औषध उरवायचे असेल तर लेबलवर तारीख, वेळ, प्रति एमएल किती औषध आणि सही हवी. अँपिसिलिन मात्र उरवू नका, विरघळवल्यावर ते तासाभरात वापरायचे असते.

कशात विरघळवायचे हेही औषधच ठरवते. स्नायूत देण्यासाठी लिग्नोकेनमध्ये विरघळवलेले सेफ्ट्रायक्झोन शिरेत कधीही जाता कामा नये. सेफ्ट्रायक्झोन रिंगर लॅक्टेटमध्येही मिसळायचे नाही, कारण त्यातल्या कॅल्शियमसोबत त्याचा साका बनतो.

उदाहरण १: सेफ्ट्रायक्झोन

मूल ८.४ किलोचे. ऑर्डर: ५० मिलिग्रॅम प्रति किलो, दर १२ तासांनी, शिरेतून.
डोस: ५० × ८.४ = ४२० मिलिग्रॅम.
द्रावण: १ ग्रॅम व्हायल + ९.६ एमएल, म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति एमएल.
काढायचे: ४२० ÷ १०० = ४.२ एमएल.
अंदाजाने पडताळा: ४२० मिलिग्रॅम हे १ ग्रॅमच्या निम्म्याहून थोडे कमी, आणि ४.२ एमएल हे १० एमएलच्या निम्म्याहून थोडे कमी. जुळले. उत्तर ४२ किंवा ०.४२ आले असते, तर इथेच पकडले गेले असते.

उदाहरण २: पेनिसिलिन, नवजात बाळ

वजन ३.२ किलो. ऑर्डर: ५० हजार युनिट प्रति किलो.
डोस: १ लाख ६० हजार युनिट.
१.६ एमएल पाणी घालून केलेल्या द्रावणातून काढायचे तर १.६ ÷ ५ = ०.३२ एमएल. इतक्या थोड्यात एका रेघेची चूकही जड जाते. म्हणून ३.६ एमएल घाला. द्रावण ४ एमएल होईल, १ एमएलमध्ये २.५ लाख युनिट.
काढायचे: १.६ ÷ २.५ = ०.६४ एमएल, १ एमएलच्या सिरिंजने.
इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका. तिच्यावरचे युनिट इन्सुलिनचे असतात, पेनिसिलिनच्या युनिटशी त्यांचा काही संबंध नाही.

उदाहरण ३: आर्टेसुनेट, गंभीर मलेरिया

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात पोस्टिंग मिळाली तर हे इंजेक्शन लागेलच. ६० मिलिग्रॅमची पूड आधी सोबतच्या १ एमएल सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवायची. द्रावण स्वच्छ दिसू लागले की ५ एमएल सलाइन घालायचे. एकूण ६ एमएल, १ एमएलमध्ये १० मिलिग्रॅम, शिरेतून देण्यासाठी. तयार केल्यावर तासाभरात द्या.

२० किलोंखालच्या मुलाला ३ मिलिग्रॅम प्रति किलो. १४ किलोंचे मूल: ४२ मिलिग्रॅम, म्हणजे ४.२ एमएल, वरच्या पूर्णांकात ५ एमएल.
२० किलो आणि त्यापुढे २.४ मिलिग्रॅम प्रति किलो. ५२ किलोंची बाई: १२४.८ मिलिग्रॅम, म्हणजे १२.४८ एमएल, वरच्या पूर्णांकात १३ एमएल. दोन व्हायलमध्ये १२० मिलिग्रॅमच असतात, म्हणून तिसरी फोडावी लागते. रात्रपाळीत व्हायल मोजून ठेवताना हा हिशेब आधीच करा.

उदाहरण ४: व्हँकोमायसिन, दोन पायऱ्या

मूल १२ किलोंचे. ऑर्डर: १५ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे १८० मिलिग्रॅम.
५०० मिलिग्रॅम व्हायल + १० एमएल स्टराइल वॉटर: पत्रिकेप्रमाणे ५० मिलिग्रॅम प्रति एमएल.
काढायचे: १८० ÷ ५० = ३.६ एमएल.
हे असेच शिरेत सोडायचे नाही. शेवटचे द्रावण ५ मिलिग्रॅम प्रति एमएलपेक्षा तीव्र नको: १८० ÷ ५ = ३६, म्हणजे निदान ३६ एमएल. आपण एकूण ४० एमएल करू, म्हणजे ३६.४ एमएल सलाइनमध्ये ३.६ एमएल औषध.
वेळ किमान ६० मिनिटे. १ एमएलला ६० थेंब देणाऱ्या मायक्रोड्रिप सेटवर तासाला ४० एमएल म्हणजे मिनिटाला ४० थेंब. घाईने दिले तर चेहरा आणि मान लाल होते, रक्तदाब उतरतो. असे दिसताच थेंब बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा.

सोडवा

१. अँपिसिलिन ५०० मिलिग्रॅम + १.८ एमएल, द्रावण २ एमएल. ऑर्डर ३५० मिलिग्रॅम.
२. सेफ्ट्रायक्झोन १ ग्रॅम + ३.६ एमएल, द्रावण ४ एमएल, स्नायूत. ऑर्डर ५०० मिलिग्रॅम. कोणी १००० ला ३.६ ने भागले तर किती औषध कमी जाईल?
३. पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम + १० एमएल सलाइन, ४ मिलिग्रॅम प्रति एमएल. ऑर्डर ३० मिलिग्रॅम.

उत्तरे: १. १.४ एमएल. २. २ एमएल, चुकीच्या भागाकाराने १.८ एमएल निघेल, म्हणजे ४५० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅम कमी. ३. ७.५ एमएल.