वातावरणाचे थर: नामनिर्देशित आकृतीसह नमुना उत्तर

इयत्ता अकरावी, भूगोल. दादरच्या वर्गातल्या सराव परीक्षेसाठी.

प्रश्न: वातावरणाच्या थरांची नामनिर्देशित आकृती काढा. प्रत्येक थरात उंचीनुसार तापमान कसे बदलते व तेथे कोणत्या घडामोडी होतात, ते स्पष्ट करा.

उत्तर:

```
उंची (किमी)                            तापमान (°से)

        बाह्यांबर
        हायड्रोजन, हेलियमचे विरळ कण
६०० - - - - - - - - - - - - - - - - -  १००० च्या वर
        दलांबर : तापमान वाढते
        अवकाश स्थानक (सुमारे ४००)
        ध्रुवीय प्रकाश
        आयनांबर, रेडिओलहरींचे परावर्तन
८०  ======== मध्यस्तब्धी ========      -९०
        मध्यांबर : तापमान घटते
        उल्का जळतात
५०  ======== स्थितस्तब्धी =======       ०
        स्थितांबर : तापमान वाढते
        ओझोनचा थर (१५ ते ३५)
१३  ======== तपस्तब्धी ==========      -६०
        तपांबर : तापमान घटते
        ढग, पाऊस, वारे, वादळे
०   ======== भूपृष्ठ ============       १५
```

आकृती: वातावरणाचे थर (सरासरी आकडे, उंची प्रमाणात नाही)

ही आकृती पेन्सिलीने काढा आणि तिच्यावर तापमानाची रेषा लाल रंगात ओढा. भूपृष्ठावरून निघून ती डावीकडे झुकते, तपस्तब्धीवर वळून उजवीकडे येते, स्थितस्तब्धीवर पुन्हा डावीकडे वळते आणि मध्यस्तब्धीनंतर उजवीकडे पार दूर जाते. थरांच्या सीमा याच वळणांवर ठरल्या आहेत. त्यामुळे नुसती थरांची नावे लिहून लाल रेषा सोडली, तर आकृतीतला मुख्य मुद्दाच सुटतो.

रेषा अशी नागमोडी का, तर हवेला उष्णता तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळते: खाली जमीन व समुद्राकडून, मध्ये ओझोनकडून आणि वर थेट सूर्याच्या अतितीव्र किरणांकडून. या तिन्हींपासून दूर जावे तसे तापमान उतरते.

तपांबर. हा सर्वांत खालचा थर. त्याची सरासरी उंची सुमारे १३ किमी असली, तरी ध्रुवांवर ती सुमारे ८ किमी आणि विषुववृत्ताजवळ १६ ते १८ किमी असते. वातावरणातील हवेच्या एकूण वस्तुमानापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक हवा आणि जवळजवळ सगळी बाष्प याच थरात आहे. सूर्यकिरणांनी आधी भूपृष्ठ तापते व भूपृष्ठामुळे हवा तापते, म्हणून वर जावे तसे दर १००० मीटरला सरासरी ६.५ °से तापमान कमी होते. माथेरान साधारण ८०० मीटर उंचीवर आहे. या हिशेबाने तिथली हवा मुंबईपेक्षा पाचेक अंशांनी थंड असायला हवी, आणि साधारण तसेच असते.

खाली उबदार व वर थंड अशी हवा असली की ती स्वस्थ बसत नाही. खालची हलकी हवा वर उठते, थंड होते, तिच्यातील बाष्पाचे ढग होतात. वारे, मोसमी पाऊस, गारा, चक्रीवादळे हे सगळे यातून घडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, तोही याच थरातल्या उंच ढगांतून. ऑक्टोबरच्या संध्याकाळी ठाण्यापलीकडे सह्याद्रीवर गडगडाटी ढग चढताना पाहा. फुगत फुगत वर गेलेल्या ढगाचा माथा एका पातळीवर अचानक ऐरणीसारखा सपाट होऊन बाजूला पसरतो. ती पातळी साधारणपणे तपस्तब्धीची. तिच्यापुढे हवा थंड होत नाही, त्यामुळे ढगाला वर चढवणारा जोर संपतो.

तापमान घटण्याच्या नियमाला एक अपवाद इथेच आहे, तो जरूर लिहा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आकाश निरभ्र व वारा मंद असला की जमीन लवकर निवते आणि तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. ही तापमान विपरीतता होय. वर उबदार हवेचे झाकण बसल्याने धूर व धूळ खालीच अडकतात. सकाळी मुंबईच्या उंच इमारतींचे मधले मजले दिसेनासे करणारा करडा पट्टा तो हाच.

स्थितांबर. १३ ते ५० किमी. इथे तापमान वाढत जाते आणि वरच्या टोकाला सुमारे ० °से होते. या थरातला ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो व त्यामुळे हवा तापते. इथे एक शंका हटकून येते: ओझोन सर्वांत दाट २० ते २५ किमीच्या आसपास, मग सर्वांत उबदार हवा ५० किमीवर कशी? कारण वरून येणाऱ्या तीव्र किरणांशी पहिली गाठ वरच्या ओझोनची पडते, आणि तिथली हवा इतकी विरळ आहे की थोड्या ऊर्जेतही ती पुष्कळ तापते. उबदार हवा वर व थंड हवा खाली असल्याने उभे प्रवाह फारसे होत नाहीत. बाष्प नगण्य, म्हणून ढगही क्वचितच. ज्वालामुखीची सूक्ष्म राख किंवा गंधकयुक्त कण इथे पोहोचले, तर पावसाने धुतले जात नाहीत आणि महिनोन्‌महिने तरंगत राहतात.

‘विमाने स्थितांबरातून उडतात’ हे वाक्य सरसकट लिहू नका. प्रवासी विमाने साधारण १० ते १२ किमी उंचीवरून जातात. उत्तर युरोपवर ती उंची बऱ्याचदा स्थितांबरात येते, पण मुंबईवर तपस्तब्धी सुमारे १६ ते १७ किमीवर असल्याने इथले विमान तपांबरातच असते. म्हणून तर पावसाळ्यात वैमानिकाला उंच ढगांना वळसा घालावा लागतो.

मध्यांबर. ५० ते ८० किमी. ओझोन कमी होत जातो, जमीन तर फारच खाली राहिली. त्यामुळे तापमान पुन्हा घसरते आणि मध्यस्तब्धीपाशी सुमारे -९० °से पर्यंत जाते. वातावरणातील सर्वांत थंड भाग हाच. अवकाशातून वेगाने येणाऱ्या बहुतेक उल्का येथील हवेत तापून जळतात.

दलांबर. ८० ते सुमारे ६०० किमी. येथील विरळ वायू सूर्याचे क्ष-किरण व अतितीव्र अतिनील किरण शोषतात, म्हणून तापमान १००० °से च्याही पुढे जाते. मात्र हे तापमान कणांच्या वेगाचे आहे. कण इतके तुरळक की सावलीत ठेवलेल्या तापमापीला त्यांच्याकडून जेमतेम उष्णता मिळेल आणि तिचा पारा शून्याच्या खूप खाली जाईल. याच किरणांमुळे अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटतात व आयन तयार होतात. या विद्युतभारित पट्ट्याला आयनांबर म्हणतात. तो मध्यांबराच्या वरच्या भागापासून सुरू होतो. त्याचा सर्वांत खालचा पट्टा दिवसा मध्यम लहरी शोषतो आणि सूर्यास्तानंतर विरून जातो. मग त्या लहरी वरच्या पट्ट्यांवरून परावर्तित होतात, म्हणून रात्री मुंबईत रेडिओचा काटा फिरवला की दूरची केंद्रे लागतात. केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतीय भूमीवरून पहिले अग्निबाण उड्डाण झाले, तेही याच उंचीच्या अभ्यासासाठी. थुंबा चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे आयनांबरातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजता येत होता. ध्रुवांकडे दिसणारा रंगीत ध्रुवीय प्रकाश या थरातच पडतो आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकही याच थरातून फिरते.

बाह्यांबर. दलांबराच्या वर हायड्रोजन व हेलियमचे कण इतके विरळ असतात की एकमेकांवर क्वचितच आदळतात, आणि काही वेगवान कण पृथ्वीचे गुरुत्व सोडून अवकाशात निघून जातात. या थराला ठरावीक शेवट नाही, म्हणून आकृतीत वरची रेषा ओढू नका. ती बाजू उघडीच ठेवा.