जुलैच्या भाड्याबद्दल

काका, नमस्कार. परवा कंपनीने आमची अख्खी लाइन बंद केली, त्यात माझीही नोकरी गेली. त्यामुळे ५ जुलैला द्यायचं भाडं या वेळी तारखेला जमणार नाही. भाडं माफ करा असं म्हणत नाही, फक्त ३१ जुलैपर्यंत थांबा. फुल अँड फायनलचे पैसे २५ तारखेपर्यंत येतील असं एचआरने लेखी दिलंय, ते पत्र सोबत पाठवतोय. ते लांबले तरी ३१ तारखेला पूर्ण १४,५०० रुपये तुमच्या खात्यात जमा करेन, त्यासाठी हिची आरडी मोडायचं आम्ही ठरवलंय. डिपॉझिटला हात लावायला नको. लाइटबिल, मेंटेनन्स वेळेवरच भरेन. चालेल का, तेवढं कळवा. काकूंना नमस्कार.

प्रशांत, दुसरा मजला